राउटर उत्तर गिळतो तेव्हा

लक्षण असे असते. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून कुणीतरी घरचे फोटो ठेवायला एक छोटा सर्व्हर केला आहे. घरच्या नेटवर्कवर त्याचा पत्ता 192.168.1.20. हे आकडे घरातल्या सगळ्यांनी पाठ करावेत अशी अपेक्षा कोण करणार? म्हणून स्वतःच्या डोमेनखाली त्याला एक सुटसुटीत नाव दिले: photos.example.com. (example.com हे डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे; त्या जागी तुमचे स्वतःचे डोमेन आहे असे समजा.) डोमेन जिथून घेतले त्या कंपनीच्या पानावर जाऊन नोंद केली की या नावाचा पत्ता 192.168.1.20. मग घरच्या वायफायवरून ते नाव टाकले, तर ब्राउझर म्हणतो, असे ठिकाणच सापडत नाही. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तेच नाव विचारले, तर पत्ता बिनबोभाट मिळतो. म्हणजे जिथून त्या पत्त्याचा काडीचा उपयोग नाही तिथे तो मिळतो, आणि जिथे सर्व्हर शेजारच्याच खोलीत आहे तिथे मिळत नाही.

यानंतर बहुतेक घरांत राउटर बंद-चालू होतो, मग त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले जाते, आणि शेवटी वैतागून तो मूळपदावर आणला जातो. फरक काहीच पडत नाही. कारण बिघाडच झालेला नसतो. राउटरने प्रश्न बाहेर पाठवलेला असतो, बाहेरून बरोबर उत्तर आलेले असते, राउटरने ते वाचलेले असते आणि मुद्दाम फेकून दिलेले असते. या वागण्याला डीएनएस रिबाइंडिंग संरक्षण म्हणतात. ते का आहे हे कळल्याशिवाय ते बंद करू नये, असे माझे मत आहे. आणि कळल्यावर ते सरसकट बंद करण्याची गरजच उरत नाही.

आधी प्रश्नाचा प्रवास पाहू. फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर एखादे नाव टाकले की त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो, आणि हे काम डीएनएस नावाची व्यवस्था करते. घरातली उपकरणे सहसा हा प्रश्न थेट जगाला विचारत नाहीत, राउटरला विचारतात. राउटर जोडणीला येताना उपकरणाला सांगतो, ‘नावे विचारायची असतील तर मला विचार.’ राउटरला उत्तर ठाऊक असेल तर तो लगेच देतो, नसेल तर इंटरनेट कंपनीच्या किंवा आणखी कुणाच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो आणि आलेले उत्तर पुढे करतो. घरगुती राउटरवर हे काम करणारा एक अतिशय पसरलेला प्रोग्रॅम म्हणजे `dnsmasq`. सायमन केली यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम अनेक राउटरांच्या पोटात असतो, फक्त डबीवर त्याचे नाव नसते.

आता पत्त्यांकडे. 1996 साली आलेल्या आरएफसी 1918 या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: 10 ने सुरू होणारे सगळे, 172.16 पासून 172.31 पर्यंतचे, आणि 192.168 ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपापल्या घरात, कचेरीत वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमच्याकडे 192.168.1.20 आहे आणि तुमच्या समोरच्या बिऱ्हाडातही असू शकतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. अर्थात बाहेरच्या जगातल्या एखाद्या डीएनएस सर्व्हरने ‘या नावाचा पत्ता 192.168.1.20’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ ऐकणाऱ्यागणिक बदलतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने तुम्हाला तुमच्याच घरातल्या कपाटाची जागा सांगावी, तसे ते आहे. माहिती कदाचित खरी असेल, पण ती याला कुठून, आणि हा ती मला का सांगतोय, हा प्रश्न पडायलाच हवा. राउटरला पडतो तो हाच प्रश्न.

त्याला तो पडण्यामागे एक जुनी आणि हुशार चोरी आहे. ब्राउझरचा एक मूलभूत नियम असा की एका साइटवरून आलेल्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटचा मजकूर वाचता येत नाही. एका टॅबमध्ये बातम्या आणि दुसऱ्यात बँक उघडी असली तरी बातम्यांच्या पानाला बँकेचे पान वाचता येत नाही ते यामुळेच. पण ‘एकच साइट’ कशी ओळखायची? ब्राउझर नाव पाहतो. सोबत जोडणीचा प्रकार आणि पोर्ट पाहतो. नावामागचा आकडी पत्ता तो या कामासाठी पाहत नाही. नाव तेच राहिले आणि पत्ता बदलला तरी ब्राउझरच्या लेखी साइट तीच.

चोर नेमके हेच वापरतो. तो एक डोमेन घेतो आणि त्याचा डीएनएस सर्व्हर स्वतः चालवतो. तुम्ही एखाद्या जाहिरातीवरून किंवा दुव्यावरून त्याच्या पानावर पोचता. पहिल्या वेळी त्याचा डीएनएस सर्व्हर खरा, बाहेरचा पत्ता देतो, पण सोबत सांगतो की हे उत्तर फक्त एक सेकंद लक्षात ठेवा. पान उघडते, त्यातली स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये चालू लागते आणि थोडा वेळ थांबते. मग ती त्याच नावाला पुन्हा काहीतरी मागते. आधीच्या उत्तराची मुदत संपलेली असते, म्हणून ब्राउझर पुन्हा पत्ता विचारतो, आणि या वेळी चोराचा सर्व्हर म्हणतो: 192.168.1.1. हा बहुतेक घरांतल्या राउटरचा पत्ता. ब्राउझर निमूटपणे तुमच्या राउटरशी बोलतो, आणि नाव तेच असल्यामुळे राउटरचे पान त्या स्क्रिप्टला वाचू देतो. बाहेरून भिंत ओलांडून कुणी आत आलेलेच नाही. तुमच्याच घरातल्या तुमच्याच ब्राउझरने आतून दार उघडले.

ही युक्ती काल-परवाची नाही. 1996 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलाक यांनी जावा ॲपलेटमधल्या अशाच दोषाचे वर्णन केले होते. 2007 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की 100 डॉलरपेक्षा कमी खर्चात, जाहिरातींच्या जाळ्यातून, एक लाख पत्ते तात्पुरते ताब्यात घेता येतात. त्याच निबंधात त्यांनी उपायही मांडला: डीएनएस सर्व्हरच्या पुढे एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि बाहेरून आलेल्या उत्तरात आतला पत्ता दिसला की ते उत्तर आत येऊ द्यायचे नाही. तुमच्या राउटरमध्ये आज बसलेला नियम तो हाच. नंतर 2018 मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या सुरक्षा संशोधकाने ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रॅमवर हाच हल्ला करून दाखवला. त्याच वर्षी घरातले स्मार्ट स्पीकर, टीव्हीला लावायच्या डब्या आणि राउटर यांच्यावरही तो चालतो हे ब्रॅनन डॉर्सी यांनी दाखवले. घरातल्या उपकरणांचा ‘आतून आलेला माणूस आपलाच’ असा भाबडा विश्वास असतो, आणि हल्ला त्याच विश्वासावर उभा आहे.

तर राउटरचा नियम रास्त आहे, पण ढोबळ आहे. नाव कुणाचे, हेतू काय, हे त्याला कळत नाही. चोराच्या डोमेनने 192.168.1.1 सांगितले काय आणि तुमच्या डोमेनने 192.168.1.20 सांगितले काय, त्याला दोन्ही सारखेच दिसतात.

संशय आला म्हणजे निदान झाले असे नाही. निदानाला दोन आज्ञा पुरतात, आणि त्या विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे असे धरू. एकदा राउटरला विचारायचे, एकदा राउटरला वळसा घालून बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला:

```
nslookup photos.example.com 192.168.1.1
nslookup photos.example.com 1.1.1.1
```

दुसऱ्या आज्ञेला 192.168.1.20 असे उत्तर आले आणि पहिलीला आले नाही, तर राउटरवर संशय पक्का होत जातो. मात्र पहिल्या आज्ञेचे ‘नाही’ कोणत्या प्रकारचे आहे ते नीट पाहावे, कारण सगळी खुबी तिथे आहे. लिनक्सवर सहसा असे दिसते:

```
*** Can't find photos.example.com: No answer
```

विंडोजवर नाव छापले जाते आणि त्याखाली पत्ता नसतो. म्हणजे राउटर ‘असे नाव अस्तित्वातच नाही’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, नाव आहे, पण द्यायला पत्ता नाही. `dnsmasq` संशयास्पद उत्तर आले की त्यातले पत्ते काढून टाकतो आणि रिकामे पाकीट पुढे करतो. चूक झाल्याचा कुठलाही शेरा त्यावर नसतो. ज्यांना `dig` ही आज्ञा वापरायची सवय आहे त्यांना हेच `status: NOERROR` आणि `ANSWER: 0` असे दिसेल. उलट दोन्हीकडून `NXDOMAIN` आले तर राउटरला दोष देऊ नये. नावाची नोंदच झालेली नाही, किंवा टंकलेखनात अक्षर चुकले आहे. आणि दोन्ही आज्ञांना बरोबर पत्ता मिळतो पण पान उघडत नाही, तर प्रश्न डीएनएसचा नाहीच. सर्व्हर बंद असेल, त्याचा फायरवॉल अडवत असेल किंवा पोर्ट चुकला असेल. काही राउटर रिकाम्या पाकिटाऐवजी वेगळा नकार देतात, म्हणून फक्त या एका ओळीवर विसंबू नये.

आणखी एक सोपी चाचणी आहे, आणि तिला स्वतःचे डोमेनही लागत नाही. nip.io नावाची एक सार्वजनिक सेवा आहे; नावातच जो पत्ता लिहिला असेल तोच ती उत्तर म्हणून देते. म्हणून 192.168.1.20.nip.io हे नाव राउटरला विचारावे, आणि मग 8.8.8.8.nip.io विचारावे. दुसऱ्याचे उत्तर आले आणि पहिल्याचे नाही, तर तुमच्या डोमेनमध्ये किंवा नोंदीत काही गोंधळ नाही. राउटर खासगी पत्ते पाहून अडवतो आहे, एवढे सिद्ध झाले.

राउटरची नोंदवही पाहता येत असेल तर मग शंकेला जागाच उरत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये शिरून `logread` चालवले की `dnsmasq` ने लिहिलेली ही ओळ सापडते:

```
possible DNS-rebind attack detected: photos.example.com
```

स्वतःच्याच फोटोंच्या सर्व्हरसमोर ‘हल्ला’ हा शब्द वाचून दचकायला होते. पण हल्ला झालेला नसतो. राउटरने ओळखीच्या नक्षीवरून केलेला तो अंदाज असतो.

निदान करताना गोंधळ उडवणारी एक गोष्ट मात्र जरूर लक्षात घ्यावी. घरातले प्रत्येक उपकरण राउटरलाच विचारते असे नाही. अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल, तर तो राउटरला ओलांडून थेट बाहेर विचारतो. ब्राउझरमध्येही सुरक्षित डीएनएस नावाची तशीच सोय असते. काही इंटरनेट जोडण्यांवर आयपीव्ही6 मार्गे कंपनीचाच डीएनएस पत्ता उपकरणांना परस्पर मिळतो. त्यामुळे एकाच घरात, एकाच वायफायवर, सुनेच्या फोनवर फोटो दिसतात आणि सासऱ्यांच्या टीव्हीवर दिसत नाहीत, असे होते. आणि टीव्ही खराब आहे असा निकाल लागतो. फायरफॉक्सची तर वेगळीच तऱ्हा. त्याने सुरक्षित डीएनएसमधून उत्तर मिळवले तरी ते खासगी पत्त्याचे असेल तर तो मूळ रचनेत ते स्वीकारत नाही, आणि मग पुन्हा संगणकाच्या नेहमीच्या डीएनएसकडे, म्हणजे राउटरकडेच, वळतो. एका ब्राउझरमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही, याचे कारण असे कुठेतरी दडलेले असते.

आता उपाय. ते तीन आहेत, आणि माझ्या लेखी त्यांची पायरी ठरलेली आहे.

पहिला उपाय म्हणजे त्या नावाचे उत्तर राउटरलाच शिकवून ठेवणे. संरक्षणाचा नियम फक्त बाहेरून आलेल्या उत्तरांना लागू होतो. राउटरकडे स्वतःची नोंद असेल तर तो बाहेर विचारतच नाही, आणि स्वतःच्या नोंदीवर संशयही घेत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या `/etc/config/dhcp` या फाइलमध्ये ही नोंद एवढीशी असते:

```
config domain
	option name 'photos.example.com'
	option ip '192.168.1.20'
```

इतर अनेक राउटरांमध्ये हीच सोय ‘लोकल डीएनएस’ किंवा ‘होस्ट’ अशा नावाच्या पानावर मिळते. त्याआधी सर्व्हरला 192.168.1.20 हाच पत्ता कायमचा मिळेल अशी तजवीज राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर करून ठेवावी. नाहीतर वीज गेली-आली की सर्व्हर दुसराच पत्ता घेईल आणि नोंद खोटी पडेल.

हा उपाय मला अधिक आवडतो त्याचे कारण असे की घरातला पत्ता जगजाहीर करण्याची मुळात गरजच नसते. लोक तो जाहीर करतात ते बहुतेक वेळा सर्टिफिकेटच्या समजुतीपायी. ब्राउझरने कुलूप दाखवावे, इशारे देऊ नयेत, म्हणून सर्व्हरला खरे सर्टिफिकेट लागते, आणि ते सार्वजनिक डोमेनच्या नावालाच मिळते. इथपर्यंत बरोबर. पण लेट्स एन्क्रिप्टसारखी मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था डीएनएसच्या मार्गाने खातरजमा करते तेव्हा तिला फक्त एवढेच पाहायचे असते की डोमेन तुमच्या ताब्यात आहे. त्यासाठी एक विशिष्ट मजकुराची नोंद तात्पुरती सार्वजनिक डीएनएसमध्ये ठेवावी लागते. सर्व्हरचा पत्ता तिथे असावाच असे नाही. तेव्हा मजकुराची नोंद बाहेर आणि पत्त्याची नोंद घरच्या राउटरमध्ये, अशी विभागणी केली की सर्टिफिकेटही मिळते आणि संरक्षणाशी भांडणही होत नाही. अडचण एकच: जी उपकरणे राउटरला ओलांडून बाहेर विचारतात, त्यांना या नोंदीचा पत्ता लागणार नाही. त्यांच्यावरचा प्रायव्हेट डीएनएस बंद करावा लागतो, निदान घरच्या वायफायपुरता.

दुसरा उपाय म्हणजे आपल्या डोमेनला अपवाद करणे. सार्वजनिक नोंद तशीच ठेवायची आणि राउटरला सांगायचे की या एका डोमेनखालच्या नावांनी खासगी पत्ता दिला तरी चालेल. `dnsmasq` थेट हाताळत असाल तर एक ओळ पुरते:

```
rebind-domain-ok=/example.com/
```

ओपनडब्ल्यूआरटीवर हीच गोष्ट `rebind_domain` या यादीत जाते. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स यांच्या पोटात अनबाउंड नावाचा डीएनएस सर्व्हर असतो, आणि त्याचा शब्द `private-domain` असा आहे. जर्मनीत घर केलेल्या मराठी मंडळींकडे बहुधा असणारा फ्रिट्झबॉक्स नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये यासाठी स्वतंत्र चौकट देतो. तिच्यात नाव पूर्ण लिहायचे असते.

हा अपवाद कितपत धोक्याचा? हल्ल्यासाठी चोराला नावाचा पत्ता हवा तेव्हा बदलता यावा लागतो. तुमच्या डोमेनच्या नोंदी तुमच्याच ताब्यात असतील, तर त्याला त्या नावाने तुमच्या घरात शिरता येत नाही. त्याला आधी तुमचे डोमेनचे खाते फोडावे लागेल. म्हणून अपवाद आपल्या डोमेनपुरता, आणि जमेल तर त्यातल्या एका नावापुरता असावा. दुसऱ्याच्या डोमेनला अपवाद करताना मात्र दोनदा विचार करावा, कारण मग त्या दुसऱ्याच्या डीएनएसवर तुम्ही विसंबता.

तरीही काही वेळा तो करावाच लागतो, आणि त्याचे सर्वांत ठाऊक उदाहरण प्लेक्स हे आहे. घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारा हा प्रोग्रॅम. प्रत्येक घरातल्या सर्व्हरला खरे सर्टिफिकेट कसे द्यायचे, हा प्लेक्ससमोरचा पेच होता, कारण 192.168 च्या पत्त्याला कुणी सर्टिफिकेट देत नाही. 2015 साली त्यांनी डिजिसर्ट या कंपनीच्या मदतीने असा मार्ग काढला: प्रत्येक सर्व्हरला plex.direct या डोमेनखाली एका लांबलचक सांकेतिक नावाचे सर्टिफिकेट द्यायचे, आणि त्या नावाच्या पुढे घरातला पत्ता जोडायचा, म्हणजे 192-168-1-20 अशा सुरुवातीचे नाव तयार होते. ते नाव विचारले की प्लेक्सचा डीएनएस नावातलाच पत्ता परत देतो. टीव्हीचा सर्व्हरशी थेट संबंध जुळतो, आणि तोही कुलूपबंद. फक्त राउटरच्या नजरेने पाहिले तर हे अगदी रिबाइंडिंगसारखे दिसते: बाहेरचे डोमेन, आतला पत्ता. तो उत्तर गिळतो, आणि टीव्ही शेजारच्या खोलीतला सिनेमा बाहेरच्या रिले सर्व्हरमार्गे, कमी दर्जाने, मागवतो किंवा सर्व्हर सापडत नाही म्हणून थांबतो. ‘घरात इतके चांगले वायफाय असून सिनेमा का अडखळतो’ या तक्रारीमागे कधी कधी हे असते. इथे पहिला उपाय फारसा कामाचा नाही, कारण ती सांकेतिक नावे आपण दिलेली नसतात. म्हणून plex.direct ला अपवाद करा असे प्लेक्सच आपल्या मदतीच्या पानांवर सांगते. शिवाय इथे सर्टिफिकेटचीही राखण असते: चोराने आपल्या डोमेनचे नाव तुमच्या सर्व्हरकडे वळवले तरी त्या सर्व्हरकडे चोराच्या नावाचे सर्टिफिकेट नसते, आणि सुरक्षित जोडणी तिथेच तुटते. रिबाइंडिंगचा हल्ला चालतो तो मुख्यतः साध्या, कुलूप नसलेल्या पानांवर, आणि घरातल्या राउटरांची, कॅमेऱ्यांची, प्रिंटरांची पाने अजून बरीचशी तशीच असतात.

तिसरा उपाय म्हणजे संरक्षण पूर्णपणे बंद करणे. तो एका टिचकीचा आहे, आणि म्हणूनच लोक तिथे आधी पोचतात. त्याने फोटो दिसू लागतात हे खरे. पण तुमच्या एका नावासाठी जगातल्या प्रत्येक नावाला तुमच्या घरातला पत्ता सांगायची मुभा मिळते. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तोच आहे, अशा घरात हा सौदा मला पटत नाही. एक उलट बाजूही सांगितली पाहिजे: हे संरक्षण चालू ठेवूनही 127 ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना सूट द्यायची वेळ काहींवर येते. ईमेलमधला कचरा ओळखणाऱ्या याद्या आपले उत्तर याच पट्ट्यातल्या पत्त्यांच्या रूपाने देतात, आणि ते अडले की मेल सर्व्हर चालवणाऱ्याच्या याद्या मुक्या होतात. `dnsmasq` मध्ये त्यासाठी `rebind-localhost-ok` असा वेगळा पर्याय ठेवलेला आहे.

राहता राहिला तो राउटर, ज्यात यातले काहीच दिसत नाही. इंटरनेट कंपनीने जोडणीसोबत दिलेल्या डबीत अनेकदा ना नोंद करायची सोय असते, ना अपवादाची. अशा वेळी नाव सांगण्याचे कामच त्या डबीकडून काढून घ्यावे लागते. रास्पबेरी पाय किंवा तोच फोटोंचा कॉम्प्युटर वापरून त्यावर पाय-होल बसवता येतो. त्याच्याही आत `dnsmasq` चेच रूप आहे आणि स्थानिक नावे लिहायला स्वतंत्र पान आहे. मग राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएस म्हणून त्या कॉम्प्युटरचा पत्ता द्यायचा. तेही पान कुलूपबंद असेल तर प्रत्येक उपकरणाच्या वायफाय सेटिंगमध्ये हाताने लिहायचा. एकाच लॅपटॉपपुरता प्रश्न असेल तर त्याच्या `hosts` फाइलमध्ये एक ओळ घालून भागते, पण टीव्हीला अशी फाइल नसते आणि फोनमध्ये ती हाताला लागत नाही.

कोणताही उपाय केल्यावर लगेच निराश होऊ नये. ‘पत्ता नाही’ हे आधीचे रिकामे उत्तर संगणकाने आणि ब्राउझरने काही काळ लक्षात ठेवलेले असू शकते. विंडोजवर ही आज्ञा द्यावी, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, आणि मग वरच्या दोन्ही `nslookup` पुन्हा चालवून पाहाव्यात:

```
ipconfig /flushdns
```

या वेळी राउटरला विचारलेल्या पहिल्या आज्ञेलाही 192.168.1.20 हेच उत्तर यायला हवे. सार्वजनिक नोंद काढून टाकली असेल, तर काही वेळाने दुसऱ्या आज्ञेला ते येणार नाही, आणि ते तसेच अपेक्षित आहे.